तीन खेळाडू, अकरा तालुके : प्रदेश काबीज करण्याच्या खेळाचा पट कसा आखायचा

पटावर प्रदेश काबीज करण्याचा खेळ बनवताना बहुतेक जण नकाशा सुंदर काढण्यापासून सुरुवात करतात. मग क्षेत्रफळ सारखे दिसते म्हणून पट समतोल आहे असे गृहीत धरतात. खेळताना मात्र क्षेत्रफळ कुठेच कामाला येत नाही. सोंगट्या चौरस किलोमीटरवरून चालत नाहीत, त्या एका भागातून शेजारच्या भागात जातात. त्यामुळे समतोल मोजायचा तो पावलांत: कोणत्या सुरुवातीच्या जागेवरून कुठे किती पावलांत पोचता येते, आणि जिंकलेले राखायला किती दारे सांभाळावी लागतात. हे पट रंगवण्याच्या आधी, साध्या कागदावर मोजता येते.

उदाहरणाला सातारा जिल्हाच घेऊ. अकरा तालुके तीन खेळाडूंच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या खेळाला पुरेसे आहेत आणि नावे सगळ्यांना पाठ असतात. नियम अगदी साधे ठेवू, कारण तपासायचा आहे तो नकाशा. प्रत्येकाच्या ५ सोंगट्या सुरुवातीच्या तालुक्यात. आपल्या पाळीला २ नव्या सोंगट्या आपल्या कुठल्याही तालुक्यात ठेवायच्या, मग एका तालुक्यातून शेजारच्या एकाच तालुक्यात हव्या तितक्या हलवायच्या, मागे किमान एक सोडून. समोर शत्रू असेल तर एकास एक सोंगटी उठते, उरेल त्याचा तालुका. ताब्यातल्या प्रत्येक तालुक्याचा १ गुण. फाशाचे दान नाही. नकाशा तपासताना फासे बाजूला ठेवलेले बरे, नाहीतर कोण नशिबाने जिंकले आणि कोण जागेमुळे, हे वेगळे काढता येत नाही.

पहिली पायरी म्हणजे नकाशाचे ठिपके आणि रेघा करणे. प्रत्येक तालुका एक ठिपका, आणि जिथून जाता येते तिथे रेघ. कच्च्या आराखड्यात जिथे ओळखीची वाट आहे तिथे रेघ काढू, आणि डोंगर आडवा असेल किंवा शंका असेल तिथे बंद ठेवू. महाबळेश्वर वाईला पसरणीच्या घाटाने जोडलेले, जावलीला केळघरच्या घाटाने. वाई जावलीला, खंबाटकीने खंडाळ्याला आणि वाठारच्या बाजूने कोरेगावला. खंडाळा फलटणला. फलटण आदर्कीच्या घाटाने कोरेगावला आणि मोगराळ्याच्या घाटाने माणला. माण खटावला. खटाव कोरेगावला आणि कराडला. कोरेगाव साताऱ्याला आणि कराडला. सातारा जावलीला आणि कराडला. शेवटी कराड पाटणला. एकूण १६ रेघा. महसुली नकाशात काही तालुक्यांच्या सीमा याशिवायही भिडतात, पण हा खेळाचा नकाशा आहे. इथे सीमा म्हणजे सोंगटी जाऊ शकते ती वाट.

आता सुरुवातीच्या जागा. सहज सुचते ते तीन कोपरे: वायव्येला महाबळेश्वर, पूर्वेला माण, नैर्ऋत्येला पाटण. नकाशावर तिन्ही एकमेकांपासून छान लांब दिसतात. पावले मोजली की चित्र असे येते:

| तालुका | महाबळेश्वरहून | माणहून | पाटणहून |
|---|---|---|---|
| वाई | १ | ३ | ३ |
| जावली | १ | ४ | ३ |
| खंडाळा | २ | २ | ४ |
| सातारा | २ | ३ | २ |
| कोरेगाव | २ | २ | २ |
| फलटण | ३ | १ | ३ |
| खटाव | ३ | १ | २ |
| कराड | ३ | २ | १ |

ज्याला सर्वांत कमी पावले, तालुका त्याच्या वाट्याचा. बरोबरी असेल तर वाटून घ्यायचा: दोघांत अर्धा-अर्धा, तिघांत एक तृतीयांश. स्वतःचा तालुका अर्थातच पूर्ण. महाबळेश्वरच्या वाट्याला स्वतः, वाई आणि जावली हे तीन पूर्ण, खंडाळा आणि सातारा अर्धे, कोरेगाव एक तृतीयांश, म्हणजे ४.३३. माणला स्वतः, फलटण, खटाव, अर्धा खंडाळा आणि कोरेगावचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३.८३. पाटणला स्वतः, कराड, अर्धा सातारा आणि कोरेगावचा तिसरा हिस्सा: २.८३. तिघांची बेरीज ११ यायला हवी. नाही आली तर मोजताना कुठेतरी चुकले आहे, हा सोपा पडताळा.

पाटण दीड तालुक्याने मागे आहे. कारण उघड आहे: पाटणला एकच दार आहे, ते कराडमध्ये उघडते. पहिल्या पाळीला बाकीच्यांना दोन पर्याय असतात, पाटणकराला एक. पण एवढ्यावर 'पाटण कमजोर' असा निकाल देऊन थांबू नये. एकच दार असलेल्या जागेची दुसरी बाजू असते. पाटण आणि कराड मिळून घेतले की राखायचा असतो तो फक्त कराड. पाटणमध्ये एक सोंगटी ठेवली तरी भागते. 'रिस्क' या जगप्रसिद्ध खेळातला ऑस्ट्रेलिया याच जातीचा. तिथे चार प्रदेश आहेत, आत यायचे दार एकच, आणि चारही घेतले की दर पाळीला दोन जादा पलटणी मिळतात. दक्षिण अमेरिकेलाही चारच प्रदेश आणि तेवढाच बोनस, पण दारे दोन. म्हणूनच अनुभवी खेळाडू आधी ऑस्ट्रेलियाकडे धावतात.

अशा जागेचा खरा दोष हा की तिथला खेळाडू जिंको वा हरो, त्याचा खेळ एकाच पद्धतीचा होतो. कराडमध्ये सोंगट्यांचा ढीग रचून बसायचे आणि बाकी दोघे एकमेकांना झिजवण्याची वाट पाहायची. शेजाऱ्याने आधीच कराड अडवला तर तो खेळाडू पूर्ण खेळभर कोंडला जातो. दोन्हींत निर्णय घ्यायला काही उरत नाही. नाका ओळखण्याची कसोटी सोपी आहे: एका ठिपक्यावर बोट ठेवून तो झाका आणि उरलेला नकाशा सलग आहे का पाहा. कराड झाकला की पाटण तुटतो. दुसरा कुठलाही तालुका झाकून पाहा, बाकीचे जोडलेलेच राहतात. नकाशात नाका असायला हरकत नाही, पण त्याच्या पलीकडे कुणाची सुरुवातीची जागा नको.

पहिला सोपा उपाय सुचतो तो म्हणजे पाटणकराला कराडला बसवणे. बसवून मोजू. आता कराडच्या एका पावलावर खटाव, कोरेगाव, सातारा आणि पाटण असे चार तालुके येतात. कराड, कोरेगाव, सातारा, पाटण पूर्ण आणि खटाव माणबरोबर अर्धा: ४.५. महाबळेश्वर ३.५ वर येतो आणि माण ३ वर. म्हणजे आजार बरा झाला नाही, फक्त रोगी बदलला. सुरुवातीची जागा एका पावलाने हलवली की हिशेब दीड-दोन तालुक्यांनी फिरतो. म्हणून जागा हलवण्यापेक्षा वाट उघडणे किंवा बंद करणे हा बारीक इलाज आहे. त्याने एका वेळी एक-दोनच आकडे हलतात.

तेव्हा सुरुवात पाटणलाच ठेवू आणि सातारा ते पाटण एक वाट उघडू. भाग डोंगराळ असला तरी पटावर एक खिंड दाखवता येते. आता पाटणहून कराड आणि सातारा दोन्ही एका पावलावर, आणि कराड झाकला तरी पाटण तुटत नाही. पुन्हा मोजले तर महाबळेश्वर ३.८३, माण ३.८३, पाटण ३.३३. उरलेला अर्ध्याचा फरक खंडाळ्याचा आहे. तो पहिल्या दोघांना दोन पावलांवर पडतो, पाटणला चारवर. खंडाळ्याला गुणच दिला नाही, नुसती जाण्याची वाट म्हणून ठेवला, की तिघे ३.३३ वर बरोबर येतात.

इथे बरेच जण थांबतात, आणि पुढे पट खेळताना पाटणचा खेळाडू तक्रार करतो. त्याची तक्रार खरी असते. पावलांचा हिशेब कोण कुठे आधी पोचतो ते सांगतो, कुणाची कुणाशी गाठ पडते ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या वाट्याचे तीन तालुके एका रंगात रंगवून बघायचे. महाबळेश्वर-वाई-जावली हिरवे, माण-फलटण-खटाव पिवळे, पाटण-कराड-सातारा तांबडे. आता वेगवेगळ्या रंगांना जोडणाऱ्या रेघा शोधा. हिरवा आणि तांबडा जावली-सातारा रेघेवर थेट भिडतात. तांबडा आणि पिवळा कराड-खटाव रेघेवर. हिरवा आणि पिवळा मात्र कुठेच थेट भिडत नाहीत. त्यांच्यामध्ये खंडाळा किंवा कोरेगाव आहे. म्हणजे तांबड्याला दोन्ही बाजूंनी शेजारी, बाकीच्या दोघांना एकेकच. सोंगट्या पेरताना हिरवा आणि पिवळा एका बाजूकडे पाठ करू शकतात, तांबडा करू शकत नाही. आकडे सारखे असूनही तांबडा मधल्या खुर्चीत अडकला आहे.

उपाय आहे, पण त्यासाठी मनाविरुद्ध एक काम करावे लागते: खंडाळा वाईत विलीन करणे. पटावर नाव 'वाई-खंडाळा' लिहावे, म्हणजे नाव तरी जात नाही. खंबाटकी आता तालुक्याच्या पोटात गेला आणि वाई-खंडाळा थेट फलटणला भिडला. आता दहा भाग आहेत. तीन रंगांचे तीन-तीन आणि मध्ये कोरेगाव. प्रत्येक रंग बाकी दोन्ही रंगांना एकेका रेघेने भिडतो.

उरले कोरेगावचे दरवाजे. आत्ता त्याला पाच आहेत: वाई-खंडाळ्याकडून एक, पिवळ्याकडून फलटण आणि खटाव असे दोन, तांबड्याकडून सातारा आणि कराड असे दोन. हिरव्याला मध्यात शिरायला एकच वाट आणि बाकीच्यांना दोन-दोन, हे चालणार नाही. आदर्कीची वाट बंद करू आणि कोरेगाव-कराड हीसुद्धा. आता प्रत्येक रंगाला कोरेगावचे एक दार आणि दोन शेजाऱ्यांची एकेक, अशी तीन दारे. त्यांतली दोन एका तालुक्यात आणि एक दुसऱ्यात. वाई-खंडाळ्याला दोन (कोरेगाव आणि फलटण) आणि जावलीला एक. खटावला दोन (कोरेगाव आणि कराड) आणि फलटणला एक. साताऱ्याला दोन (कोरेगाव आणि जावली) आणि कराडला एक. सुरुवातीचा तालुका तिन्ही रंगांत मागे, सुरक्षित.

अजून एक गोष्ट राहिली आहे आणि ती हमखास निसटते. राखणाऱ्याला सोंगट्या एका दारातून दुसऱ्या दारात न्याव्या लागतात. हिरव्यात जावली आणि वाई शेजारी आहेत, एका पाळीत सोंगट्या इकडच्या तिकडे होतात. तांबड्यात सातारा आणि कराड तसेच. पिवळ्यात फलटण आणि खटाव यांच्यात डोंगर म्हणून वाट बंद आहे, त्यामुळे माणवरून वळसा घालावा लागतो आणि दोन पाळ्या जातात. एका पाळीला एकच हालचाल असलेल्या खेळात ही एक पाळी म्हणजे तालुका वाचणे किंवा जाणे. फलटण-खटावमध्ये एक घाट उघडला की हा फरक मिटतो. हल्ला करायच्या वाटा सगळे मोजतात. आतल्या आत धावायच्या वाटा मोजल्याशिवाय नकाशा पूर्ण झाला असे समजू नये.

आता एकूण १५ रेघा आहेत, आणि तिन्ही बाजू रचनेने तंतोतंत एकसारख्या. गंमत म्हणजे पट पाहून हे कळत नाही. साताऱ्याचा आकार साताऱ्यासारखाच दिसतो, घाट त्यांच्या नावाने दिसतात. मोठ्या नकाशात इतकी हुबेहूब बरोबरी साधत नाही आणि साधण्याची गरजही नसते. तिथे एका बाजूला दार जास्त असेल तर तिला एखादा सहज मिळणारा तालुका द्यावा, अशी भरपाई करता येते. पण दहा-बारा भागांच्या छोट्या नकाशात भरपाईला जागा नसते, म्हणून रचनाच सारखी केलेली बरी.

कोरेगावचे काय? तो तिघांनाही दोन पावलांवर, तीन दारांचा. १ गुणासाठी तीन दारे राखायला कुणी जाणार नाही, म्हणून त्याचे २ गुण ठेवावेत. पण मग नकाशाबाहेरचा एक अन्याय वर येतो: पाळीचा क्रम. फेरी संपल्यावर गुण मोजत असाल तर असे होते. पहिला खेळाडू पहिल्या पाळीला ७ पैकी ६ सोंगट्या पुढे काढतो, दुसऱ्या पाळीला २ घालून ८ करतो आणि ७ घेऊन कोरेगावात शिरतो. दुसरा तशाच ७ घेऊन भिडतो, दोघांच्याही सातच्या सात उठतात. तिसरा रिकाम्या कोरेगावात चालत जातो आणि लगेच फेरी संपून २ गुण घेतो. मोजणीपूर्वी पहिल्याला दोन हल्ले सोसायचे असतात, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एकही नाही. नकाशा कितीही सारखा केला तरी हे बदलणार नाही.

इलाज नियमात आहे. गुण फेरीच्या शेवटी न मोजता प्रत्येकाने स्वतःच्या पाळीच्या सुरुवातीला आपले मोजावेत. मग कोरेगाव घेणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही क्रमांकाचा असो, दोघांच्या एकेक पाळीतून तो टिकवावा लागतो. खेळ आठ फेऱ्यांचा धरला, तर त्या झाल्यावर शेवटची एक मोजणी एकत्र करावी लागते आणि तिथे तिसऱ्याला थोडा फायदा उरतो. तेवढ्यासाठी गुण बरोबरीत सुटले तर आधी खेळणाऱ्याची सरशी धरावी. खेळून पाहताना तीन-चार फेऱ्या कोरेगाव ओसाडच राहत असेल तर २ चे ३ करावेत. पहिल्या दिवसापासून सगळे तिथेच तुटून पडत असतील आणि कडेच्या सीमा कुणी ओलांडत नसेल, तर उलट करावे.

रेघांचा नकाशा पक्का झाल्यावर तो कागदावर उतरवताना पुन्हा घोळ होतात. ए३ आकाराचा कागद आणि ८ मिलिमीटरचे लाकडी ठोकळे धरले, तर दहा-बारा ठोकळे आणि तालुक्याचे नाव मावायला प्रत्येक भाग किमान ४ बाय ५ सेंटिमीटर हवा. कोरेगाव सगळ्यांत मोठा काढा, कारण गर्दी तिथेच होणार. खऱ्या नकाशात तो तसा आहे की नाही याची फिकीर करू नका. उघडी सीमा किमान २ सेंटिमीटर लांब असावी. बोटभर सीमा दिसली की खेळणारे विचारतात 'इथून जाता येते का?', आणि हा प्रश्न एकदा जरी आला तरी तो नकाशाचा दोष समजावा. चार भाग एका बिंदूत मिळतील अशी जागा कुठेही ठेवू नये. तिरके जाता येते की नाही यावर वाद ठरलेला. तिथे एक सीमा थोडी ओढून दोन भाग स्पष्ट भिडवायचे आणि उरलेले दोन स्पष्ट वेगळे करायचे.

बंद सीमा पातळ रेघेने दाखवू नये. महादेवाच्या डोंगररांगेसाठी तपकिरी जाड पट्टा, निदान ५ मिलिमीटरचा, आणि जिथे घाट आहे तिथे पट्ट्याला खिंडार पाडून घाटाचे नाव. आदर्कीला खिंडार नाही, मोगराळ्याला आहे, हे लांबून दिसले पाहिजे. कोरेगाव आणि कराड यांच्यात मात्र डोंगराचा पट्टा काढला तर रहिमतपूर-मसूरची सपाट वाट ठाऊक असलेल्याला ते खटकेल. तिथे गुण मोजण्याची पट्टी आडवी बसवा. सीमा बंदही होते, पट्टीला जागाही मिळते आणि भूगोल खोटा सांगावा लागत नाही. फक्त पट्टी इतकी लांब खेचू नका की कराड-खटाव ही उघडी सीमा झाकली जाईल.

शेवटी खेळून तपासणे. तीनच खेळाडू असतील तर त्यांनी जागा फिरवत खेळावे, म्हणजे प्रत्येक जण तिन्ही रंगांत बसेल आणि हुशार खेळाडूचे गुण एकाच रंगाच्या नावावर चढणार नाहीत. पाळीचा क्रमही रंगाबरोबर बांधू नका, वेगळा फिरवा. नऊ डाव झाले आणि तांबडा पाच जिंकला म्हणून घाईने नकाशा बदलू नये. पूर्ण न्याय्य नकाशावरही नऊपैकी पाच किंवा जास्त डाव कुठल्यातरी एका रंगाने जिंकण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के असते. सहा किंवा जास्तची सुमारे १३ टक्के. कोण जिंकले यापेक्षा प्रत्येक डावातले तिघांचे गुण लिहा, कारण एका डावातून तीन आकडे मिळतात आणि फरक लवकर दिसतो. त्याहून उपयोगाची नोंद म्हणजे कोणती सीमा किती वेळा ओलांडली गेली. नकाशाची छोटी प्रत शेजारी ठेवून दर हल्ल्याला त्या रेघेवर एक खूण करायची.

या खुणा काय बिघडले ते नेमके सांगतात. जावली-सातारा आणि कराड-खटाव या रेघांवर खुणांची दाटी आणि वाई-फलटण कोरे असेल, तर हिरवा आणि पिवळा एकमेकांना सोडून तांबड्यावर चालून जात आहेत. तेव्हा वाई-फलटणची सीमा डोळ्यांत भरेल इतकी रुंद काढून पाहा. पुष्कळदा वाट दिसत नाही म्हणूनच कुणी जात नाही. फलटण-खटावच्या घाटातून कुणीच जात नसेल तर काळजीचे कारण नाही, कारण ती राखणीची वाट आहे आणि ती उघडी आहे एवढ्यानेही हल्लेखोर विचार करतो. सगळ्या खुणा कोरेगावच्या तीन दारांवर असतील तर त्याचे गुण कमी करा. एका वेळी एकच बदल करा, आणि त्यानंतर किमान तीन डाव तरी तसेच खेळा, म्हणजे प्रत्येक खेळाडू बदललेल्या नकाशात तिन्ही बाजूंनी एकदा बसलेला असेल.